वाक्यरूपांतराचे गुण कसे द्यावेत? पूर्ण-शून्य, चुका मोजून की भाग पाडून

प्रश्न असा होता: 'सोलापूरचा उन्हाळा सहन होण्यासारखा नाही. (अर्थ न बदलता होकारार्थी करा.)' गुण २. आठवीच्या गठ्ठ्यात याची मला मुख्यतः पाच प्रकारची उत्तरं मिळाली. दुसऱ्या तुकडीच्या पेपर तपासणाऱ्या बाईंनी त्याच प्रकारच्या उत्तरांना वेगळे गुण दिले होते. दोन वर्गांतली दोन मुलं एकाच गल्लीत राहत होती. त्यांनी घरी पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेत आले. भाषेच्या शिक्षकांची बैठक घेऊन तुम्हाला गुणदानाची एकच रीत ठरवायची असेल, तर खालची तुलना कामाला यावी म्हणून लिहितो आहे.

रीती तीन आहेत. पहिली, उत्तरसूचीशी तंतोतंत जुळलं तर दोन, नाहीतर शून्य. दुसरी, पुऱ्या दोनपासून सुरुवात करून प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापायचा. तिसरी, दोन गुणांचे आधीच भाग पाडायचे: एक गुण प्रश्नाने मागितलेल्या बदलाला आणि एक बाकीच्या वाक्याला. पाच उत्तरांना या तीन रीतींनी किती गुण पडतात ते आधी पाहा.

| मुलाचं उत्तर | पूर्ण-शून्य | चुका मोजून | भाग पाडून |
|---|---|---|---|
| सोलापूरचा उन्हाळा असह्य आहे. | २ | २ | २ |
| सोलापूरचा उन्हाळा असहय आहे. | ० | १½ | १½ |
| सोलापूरचा उन्हाळा फार कडक आहे. | ० | १½ | १ |
| सोलापूरचा उन्हाळा सहन होण्यासारखा आहे. | ० | १½ | ० |
| सोलापूरचा उन्हाळा सहन होण्यासारखा नाही. (तेच वाक्य उतरवलं) | ० | १½ | ० |

चौथ्या ओळीवर थांबा. मुलाने 'नाही' काढून 'आहे' घातलं. काहीतरी बदल केलेल्या उत्तरांत मूळ वाक्याच्या सगळ्यात जवळचं दिसणारं उत्तर हेच, कारण एकच शब्द बदलला आहे. पण अर्थ पार उलटा झाला. प्रश्नात 'अर्थ न बदलता' हे कंसात लिहिलेलं असतं ते याचसाठी. होकारार्थी करणं म्हणजे नकार दुसऱ्या शब्दात मुरवणं. 'सहन होण्यासारखा नाही' मधला नकार 'असह्य' मधल्या 'अ' मध्ये जातो. ज्याला हे कळलं नाही त्याला वाक्यरूपांतर आलेलं नाही. चुका मोजणारी रीत मात्र त्याला दीड गुण देते, कारण तिच्या दृष्टीने चूक एकच. पाचव्या ओळीतल्या मुलाने तर काहीच केलेलं नाही, तरी 'रूपांतर केले नाही' ही एक चूक मोजून त्यालाही दीडच. आणि ज्याला नेमका शब्द सापडला पण 'ह्य' हे जोडाक्षर लिहिताना चुकलं, तोही दीडवरच. तिघांना सारखेच गुण मिळाले, तर त्या गुणांवरून कुणाला काय शिकवायचं हे शिक्षकाला कळणार नाही.

म्हणून रूपांतराच्या प्रश्नांना दुसरी रीत वापरू नका, असं मी सरळ सांगेन. एका ठिकाणी मात्र तीच योग्य आहे: 'लेखननियमांनुसार वाक्य पुन्हा लिहा' या प्रश्नात. तिथे पेपर काढणाऱ्याने स्वतःच चार चुका पेरलेल्या असतात, दोन गुणांचे चार अर्धे आपोआप पडतात आणि मोजायचं काय हे आधीच ठरलेलं असतं. फक्त मुलाने मुळात बरोबर असलेला शब्द बिघडवला तर अर्धा कापायचा की नाही, हे उत्तरसूचीत लिहून ठेवा.

पूर्ण-शून्य रीतीला मी नावं ठेवणार नाही. साठ पेपरांचा गठ्ठा तिने भराभर तपासून होतो आणि दोन शिक्षकांच्या गुणांत फरक पडत नाही. लिंग, वचन, विरुद्धार्थी शब्द, समासाचं नाव अशा एका गुणाच्या, एका शब्दाच्या उत्तरांना तीच ठेवा. तिथे 'जवळजवळ बरोबर' असं काही नसतं. 'द्वंद्व' ऐवजी 'द्विगू' लिहिणारा जवळ आला असं म्हणता येत नाही. पूर्ण वाक्य लिहायला सांगितलं की ती तोकडी पडते. वरच्या तक्त्यात तिने चार वेगवेगळ्या मुलांना एकाच शून्यात बसवलं आहे.

राहिली तिसरी. तिचा सगळा जीव एका अटीत आहे: पहिला गुण मिळाला नाही तर दुसरा द्यायचाच नाही. मागितलेला बदल झाला आणि अर्थ उलटला नाही, तर पहिला गुण. मग दुसऱ्या गुणात अर्थ नेमका टिकला का, कर्ता-कर्म-क्रियापद जुळतात का आणि लेखन शुद्ध आहे का हे पाहायचं. जुळणी बिघडली किंवा अर्थ सरकला तर तो पूर्ण जातो, नुसतं लेखन चुकलं तर अर्धा. 'फार कडक' लिहिणाऱ्याने वाक्य होकारार्थी केलं, उन्हाळा वाईट हेही राहिलं, पण सोसवत नाही हा भाग गळला; म्हणून त्याला एक. ही अट नसेल तर वाक्य जसंच्या तसं उतरवणारा मुलगा 'लेखन शुद्ध आहे' म्हणून एक गुण घेऊन जातो, आणि हे हुशार मुलांच्या लगेच लक्षात येतं.

आता आपल्या गावातली खरी अडचण. 'मी पुस्तक वाचतो' याचा साधा भूतकाळ करा म्हटलं की सोलापुरात निम्मा वर्ग लिहितो, 'मी पुस्तक वाचलो.' पूर्व भागातली तेलुगू बोलणारी घरं असोत, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी असोत की पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलणारी असोत, 'मी काम केलो', 'मी त्याला सांगितलो' हे सगळ्यांच्या तोंडी आहे. तेलुगू आणि कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्याकडेच पाहतं. प्रमाण मराठीत मात्र 'वाचणे' सकर्मक असल्यामुळे भूतकाळात ते कर्माकडे वळतं: मी पुस्तक वाचले, मी कविता वाचली, मी धडा वाचला. 'मी वाचलो' एवढंच म्हटलं तर प्रमाण मराठीत त्याचा अर्थ जीव वाचला असा होतो.

आमच्या बैठकीत एक बाई म्हणाल्या, "सर, ते पोर घरी असंच बोलतं, त्याला चूक कशी म्हणायची?" दुसरे सर म्हणाले, "मग प्रमाण भाषा शिकवायची कधी?" दोघांचंही बरोबर आहे, आणि तिसरी रीत दोघांनाही जागा देते. काळ बदलला, साधा भूतकाळच झाला, म्हणून पहिला गुण पूर्ण. क्रियापद कर्माशी जुळलं नाही, म्हणून दुसरा गेला. दोनपैकी एक. पूर्ण-शून्यात हा मुलगा 'मी पुस्तक वाचीन' लिहिणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. चुका मोजून त्याला दीड मिळतात आणि प्रयोगाची चूक जोडाक्षराच्या चुकीइतकीच हलकी ठरते.

इथे तपासणाऱ्यानेही सावध राहायला हवं. 'मी इंग्रजी शिकलो', 'मी पाणी प्यायलो', 'मी त्याचं नाव विसरलो' ही वाक्यं प्रमाण मराठीतही बरोबर आहेत, कर्म असूनही. घाईत 'लो' दिसला की लाल रेघ मारणारा शिक्षक या उत्तरांचे गुण कापतो. मुलाच्या 'वाचलो' मागे या क्रियापदांचा नमुनाही असतो; त्याने तो नको तिथे लावला इतकंच. 'वाचलं' लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या, ते 'वाचले' चंच बोलण्यातलं रूप आहे.

हीच चूक प्रयोगाच्या प्रश्नात आली तर हिशेब बदलतो. 'गणेश भाकरी खातो. (भूतकाळात कर्मणी प्रयोग करा.)' याचं उत्तर 'गणेशने भाकरी खाल्ली'. एखादा मुलगा लिहितो, 'गणेश भाकरी खाल्ला.' दिसायला एक 'ने' राहिला आणि एक वेलांटी चुकली, पण प्रश्न विचारला होता तो नेमका त्याचाच. क्रियापद अजून गणेशच्याच मागे आहे, प्रयोग कर्तरीच राहिला. काळ बदलला तरी शून्य. मात्र 'गणेशने भाकरी खाल्ला' लिहिणाऱ्याने कर्त्याला प्रत्यय लावला आहे आणि क्रियापद भाकरीकडे वळवायचं राहिलं आहे. अशा प्रश्नात मी 'ने' ला एक आणि 'खाल्ली' ला एक असे भाग पाडतो, म्हणून त्याला एक. तीच चूक एका प्रश्नात अर्धी आणि दुसऱ्यात पुरी भोवते, हे पालकांना समजावून सांगावं लागतं. पण मागितलं काय होतं हे दाखवलं की ते मान्य करतात.

तिसऱ्या रीतीचे तोटेही सांगतो. वेळ जास्त लागतो. पहिल्या दहा-पंधरा पेपरांत हात अडखळतो, कारण उत्तरसूचीत नसलेलं काहीतरी निघतंच. आणि प्रश्न सैल असेल तर ही रीत उघडी पडते. नुसतं 'भूतकाळ करा' लिहिलं असेल तर 'वाचत होतो' आणि 'वाचले होते' या दोन्हींना पूर्ण गुण द्यावे लागतील, कारण दोन्ही भूतकाळच आहेत. 'साधा भूतकाळ' हवा असेल तर तो शब्द प्रश्नात छापा. आमचे निम्मे वाद तपासण्यातून नव्हे, पेपर काढण्यातून आले होते.

तीच चूक पुन्हा आली तर काय, हेही ठरवा. काळ बदलाच्या तीन वाक्यांत एकाच मुलाने 'वाचलो', 'केलो', 'सांगितलो' लिहिलं तर आम्ही पहिल्या वाक्यात दुसरा गुण पूर्ण कापतो आणि पुढच्या दोन्हींत त्यातला अर्धाच. तीन ठिकाणी दिसली तरी त्याला न आलेली गोष्ट एकच आहे. लेखनाच्या चुकांनाही हेच लागू.

ठरलेली रीत लावण्याआधी एक काम करा. गठ्ठ्यातले दहा पेपर काढून त्यांच्या झेरॉक्स घ्या आणि दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता ते तपासा. ज्या उत्तरात अर्ध्याहून जास्त फरक पडेल ते उत्तर उचला, त्यावर बोला आणि ठरलेले गुण उत्तरसूचीत त्याच शब्दांत लिहा. आमच्या सूचीत 'फार कडक: १' ही ओळ अशीच आली. पेपरवर समासात नुसता '१' न लिहिता '१+०' किंवा '१+½' लिहा. फेरतपासणीला बसणाऱ्याला कापले कुठे ते लगेच दिसतं. आणि 'वाचलो' जवळ फुली मारण्याऐवजी 'पुस्तक' पासून क्रियापदापर्यंत बाण काढून 'वाचले' लिहा. तेवढ्या बाणाने मुलाला क्रियापदाने कुणाकडे पाहायचं ते कळतं.