चिठ्ठीची भिशी, बोलीची भिशी आणि आवर्ती ठेव

भिशीत सामील व्हावे की नाही, हे आपला नंबर कितवा लागणार यावर बरेचसे अवलंबून असते. बारा जण दरमहा 5,000 रुपये भरतात आणि जमलेले 60,000 रुपये दर महिन्याला एक जण उचलतो, अशी भिशी धरू. पहिल्या महिन्यात भिशी उचलणारा खरे तर कर्जदार असतो आणि शेवटी उचलणारा सावकार, जरी दोघेही स्वतःला बचत करणारेच समजत असले तरी.

चिठ्ठी टाकून नंबर काढला, तर पहिल्याला बिनव्याजी कर्ज मिळते आणि शेवटच्याला भरले तेवढेच परत मिळते. हेच हप्ते सहा टक्क्यांनी बँकेत राहिले असते, तर तेवढ्याच मुदतीत साधारण 1,650 रुपये व्याज झाले असते. शिवाय बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. ठरावीक तारखेला फी भरायची असेल, तर चिठ्ठीच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

बोलीच्या भिशीत निकड असलेला माणूस रक्कम सोडून भिशी उचलतो. समजा पहिली बोली 11,000 रुपयांची झाली आणि पुढे ती दरमहा हजाराने उतरत शेवटी शून्यावर आली. पहिल्याच्या हाती 49,000 येतात. सोडलेली रक्कम बारा जणांत वाटली जात असल्याने प्रत्येकाचे वर्षभरात 54,500 जातात. पहिल्याला हे कर्ज महिन्याला जवळजवळ दोन टक्क्यांना पडते, तर शेवटचा 60,000 घेऊन 5,500 रुपये कमावतो. बँकेपेक्षा हे आकर्षक दिसते खरे, पण त्याची जोखीमही त्याच्याच डोक्यावर असते.

कारण दुसऱ्या महिन्यात भिशी उचललेल्याने पाचव्या महिन्यापासून हप्ते थांबवले, तर आठ हप्ते, म्हणजे 40,000 रुपये अडकतात आणि ज्यांची भिशी अजून लागलेली नाही त्यांच्याच रकमेत तूट येते. ही तूट चालक भरणार की सगळे वाटून घेणार, हे बहुतेक ठिकाणी आधी ठरलेलेच नसते. हप्ता चार-पाच दिवस उशिरा येऊ लागणे, उचललेला सभासद जमायचे टाळणे, किंवा चालकाने ‘पुढच्या महिन्यात दोन भिश्या एकदम देऊ’ असे सुचवणे, ही त्याची पूर्वचिन्हे होत.

1982 च्या चिट फंड कायद्यानुसार बोलीची चिट चालवण्यासाठी राज्य सरकारची पूर्वपरवानगी आणि नोंदणी लागते, तसेच चालकाला तारण ठेवावे लागते. त्याबदल्यात तो कमाल सात टक्के कमिशन घेऊ शकतो. गल्लीतील भिशीत कमिशन सहसा नसते, पण तारणही नसते. म्हणून तेथे भिशी उचलणाऱ्याकडून उरलेल्या हप्त्यांसाठी जामीनदाराची सही घेतली जाते का, हे पहिला हप्ता देण्यापूर्वीच विचारावे. ‘आपण सगळे घरचेच आहोत’ असे उत्तर आले, तर शेवटचा नंबर घेऊ नये.