एफडी मोडायला लावणारे 10.04 टक्के

जानेवारी 2024 मध्ये आमचा म्युच्युअल फंडवाला एजंट घरी आला आणि एक छापील कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, तुमचे वर्षाला 10.04 टक्के पडलेत. एफडीत काय ठेवलंय?" माझी एफडी साडेसहा टक्क्यांची होती. दंड भरून ती मोडली आणि चार लाख एकरकमी त्याच फंडात टाकले. तो आकडाच खोटा होता, हे मार्चमध्ये कळलं.

माझे शिकवणीचे वर्ग आहेत, त्यामुळे पैसा येईल तसा येतो. 2021 मध्ये दर महिन्याला 15,000 भरले. 2022 मध्ये यांचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर एक रुपयाही भरला नाही. 2023 मध्ये जमेल तसे महिन्याला 3,000. असे एकूण 2,16,000 गेले आणि 10 जानेवारी 2024 रोजी त्यांचे 2,51,170 झाले होते. हे सगळे आकडे कागदावर बरोबर होते. खोट होती ती टक्केवारीत.

सहज म्हणून मी त्याच्याकडे मूळ एक्सेल फाइल मागितली. पीडीएफमध्ये फक्त उत्तर दिसतं, ते कुठून आलं ते दिसत नाही. टक्केवारीच्या चौकोनावर क्लिक केलं तर वर हे निघालं:

```
=(1+RATE(36,-6000,0,251170,1))^12-1
```

म्हणजे 2,16,000 भागिले 36 करून त्याने मला दरमहा 6,000 भरणारी बाई करून टाकलं होतं. ज्या 2022 मध्ये मी काहीच भरलं नाही, त्या वर्षीही माझ्या नावावर बारा हप्ते!

वरवर यात बिघडतं काय? एकूण रक्कम तीच, नफाही तोच 35,170. पण पैसा किती दिवस अडकला होता, ते बदलतं. छत्तीस सारखे हप्ते धरले, तर प्रत्येक रुपया सरासरी साडेअठरा महिने फंडात राहतो. माझे बहुतेक पैसे पहिल्याच वर्षी गेले होते, म्हणून माझा रुपया सरासरी साडेसव्वीस महिने तिथे होता. तेवढाच नफा कमी काळात झाला असं दाखवलं की वार्षिक दर आपोआप फुगतो.

खरा दर काढायला मी फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्सच्या साइटवरून स्टेटमेंट मागवलं. ए स्तंभात तारखा, बी स्तंभात रकमा. तारीख स्टेटमेंटमधली घ्यायची. माझा हप्ता 10 तारखेचा, पण 10 जानेवारी 2021 ला रविवार होता, म्हणून पहिली नोंद 11 ची आहे. स्टेटमेंटमध्ये काही ठिकाणी 14,999.25 दिसतं, कारण 75 पैसे मुद्रांक शुल्क कापलेलं असतं. मी बँकेतून गेलेले पूर्ण 15,000 धरले. भरलेली प्रत्येक रक्कम उणे चिन्हाने लिहायची. न भरलेल्या महिन्यांच्या ओळीच नाहीत. चोवीस हप्त्यांखाली शेवटची ओळ 10 जानेवारी 2024 ची, तिथे 251170, अधिक. मग प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक दर काढणारं हे सूत्र:

```
=XIRR(B2:B26,A2:A26)
```

पहिल्या वेळी `#VALUE!` आलं. पीडीएफमधून चिकटवलेल्या काही तारखा मजकूर म्हणून बसल्या होत्या. त्या चौकोनात डावीकडे चिकटलेल्या दिसतात, खऱ्या तारखा उजवीकडे असतात. त्या हाताने परत टाइप केल्या. (सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या राहिल्या तर `#NUM!` येतं, तेही करून झालं.) शेवटी उत्तर आलं, सुमारे 7 टक्के.

साडेसहाच्या एफडीसमोर सात. एवढ्यासाठी मी दंड भरून एफडी मोडली नसती.

चुकून झालं असेल, असं मलाही आधी वाटलं. पण माझ्याच ओळखीच्या एका शिक्षिकेचा कागद त्यानेच बनवला होता. तिने सुरुवातीला थोडे आणि शेवटच्या वर्षी भरपूर भरले होते. तिच्या फाइलमध्ये मात्र व्यवस्थित XIRR होतं! कारण तिच्या बाबतीत सारखे हप्ते धरले असते, तर टक्केवारी घसरली असती. जिथे जे सूत्र जास्त दाखवेल, तिथे ते वापरायचं, एवढी अक्कल त्याला नक्की होती.

फोन केला तर म्हणाला, "ताई, सिस्टीमच काढते हो ते. सरासरी हप्ता असं लिहिलंय खाली." खरंच लिहिलं होतं, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात.

चार लाख लगेच काढावेत म्हटलं, तर त्या योजनेत वर्षाच्या आत काढल्यास 1 टक्का एक्झिट लोड होता, म्हणजे चार हजारांच्या आसपास पुन्हा माझ्याच खिशातून. म्हणून पुढच्या जानेवारीपर्यंत थांबले. कागद, एक्सेल फाइल आणि त्याचा एआरएन, म्हणजे एजंटचा नोंदणी क्रमांक, जोडून फंड कंपनीकडे लेखी तक्रार केली. त्यानंतर त्याने मला पाठवलेल्या पहिल्याच कागदावर टक्केवारीचा रकाना कोरा होता.