कात्री लावायच्या आधी काठ फोटोत पाहणं: आठ महिन्यांचा अनुभव

जुन्या साड्यांचे अनारकली, परकर-पोलकं, कुर्ते शिवून देणं हे माझं काम. पैठणीला एकदा कात्री लागली की मागे फिरता येत नाही, म्हणून गिऱ्हाईकाला आधी चित्र दाखवावं या हेतूने मी फोटोतला पोशाख बदलून देणारं एक ॲप घेतलं. गिऱ्हाईकाचा उभा फोटो टाकायचा, साडीचा फोटो जोडायचा आणि काय हवंय ते शब्दांत लिहायचं, की ती बाई नव्या पोशाखात दिसते. आठ महिने जवळपास रोज वापरल्यावर हे लिहिते आहे. रंग आणि कापडाची झळाळी चांगली उतरते. नक्षीचं माप मात्र तुम्ही काय लिहिता यावर ठरतं, आणि मला सगळ्यात जास्त वेळ तेच शिकायला लागला.

पहिला धडा महाग पडला. येवल्याची जांभळी पैठणी होती, तिला साडेतीन इंची नारळी काठ. तिचा अनारकली करायचा होता. मी लिहिलं, ‘जांभळा अनारकली, खाली सोनेरी जरीचा नारळी काठ’. चित्र इतकं देखणं आलं की बाईंनी तिथेच होकार दिला. कपडा शिवून झाल्यावर त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काठ फोटोत मोठा होता ना?” मी घरी येऊन फोनच्या पडद्यावर पट्टी धरली. चित्रात कमरेपासून घोळापर्यंत 11 सेंटिमीटर भरले आणि त्यात काठ 2.2 सेंटिमीटरचा. म्हणजे पाचवा भाग. प्रत्यक्षात घेर 38 इंच उंच होता, त्याचा पाचवा भाग साडेसात इंचांहून जास्त होतो. त्या बाईंनी दुप्पट काठाच्या चित्राला होकार दिला होता. चूक माझी होती, ती मी त्यांची शिलाई न घेता भरून काढली. तेव्हापासून कुठलंही चित्र गिऱ्हाईकापुढे जाण्याआधी मी पट्टी लावते.

पुढे इंच लिहून पाहिले. ‘साडेतीन इंच काठ’ लिहिलं तरी काठ कधी दोन बोटं यायचा, कधी वीतभर. कारण उघड आहे, फोटोतली बाई किती उंच आहे हे ॲपला कुठून कळणार? मग साडीच्या फोटोत काठाशेजारी टेप ठेवून पाहिली, तर टेपचे आकडेच घोळावर छापून आले. नाणं ठेवलं तर त्याची बुट्टी झाली.

उपाय सापडला तो आपल्या आयांच्या मोजमापात. ‘चार बोटं काठ’ असं आपण म्हणतोच. आता मी फोटो काढताना गिऱ्हाईकाला दोन्ही हात बाजूला सैल सोडून, पंजे समोरून दिसतील असं उभं करते, आणि पावलंही फोटोत घेते. मग वर्णनात प्रमाण दोनदा सांगते: एकदा घेराशी, एकदा हाताशी. 38 इंचांत साडेतीन इंच म्हणजे साधारण अकरावा भाग. त्याच साडीसाठी आज मी असं लिहीन:

‘कमरेपासून घोळापर्यंतच्या उंचीचे अकरा भाग केले तर काठ फक्त सगळ्यात खालचा एक भाग. काठाची रुंदी तिच्या हाताच्या चार बोटांपेक्षा किंचित जास्त. काठात टोक वर असलेल्या सोनेरी त्रिकोणांची एकच रांग, चार बोटांच्या रुंदीत तीन त्रिकोण. काठाच्या वर साधं जांभळं कापड, दूर दूर बारीक बुट्ट्या.’

यात ‘नारळी’ हा शब्द नाही, हे मुद्दाम. तो शब्द लिहिला तेव्हा एकदा घोळावर खरोखरचे नारळ आले, शेंडीसकट. दुसऱ्या एका काठासाठी त्याचं नाव, मुनिया, लिहिलं तर पिंजऱ्यातला पक्षी आला. आपल्यासाठी ही नावं पुरेशी असतात, कारण नाव घेताच डोळ्यांपुढे आकार उभा राहतो. ॲपला आकारच सांगावा लागतो: किती टोकं, कुठल्या दिशेला, एका ठरावीक रुंदीत किती. मोजून सांगितलेला आकडा ते बऱ्यापैकी पाळतं, विशेषतः आकडा लहान असेल तर. ‘घोळभर एकशे अठरा त्रिकोण’ हे त्याला जमत नाही, ‘चार बोटांत तीन’ हे जमतं.

बाहीवरच्या काठाची गोष्ट वेगळी. ॲप बाहीवर तोच काठ काढतं, पण बाहीला शोभेल एवढा बारीक करून, दीड-एक इंचाचा. दिसायला फार नाजूक दिसतं. पण विणलेला काठ बारीक होत नाही, तो साडेतीन इंचच राहतो. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. खालचा काठ घोळाला ठेवून 38 इंचांचा घेर आणि शिलाईचा इंचभर काढला की वर सहाएक इंचांची पट्टी उरते, त्यातच दुसरा काठ असतो. बाहीला तोच लागतो. दहा इंचांच्या बाहीवर साडेतीन इंच काठ म्हणजे तिसरा हिस्सा, दंडावर पट्टा बांधल्यासारखा दिसतो. काठ मध्ये कापून अर्धा वापरा असं कुणी सुचवतं, पण मग त्रिकोणांची टोकं तेवढी उरतात आणि जरीचे धागे उसवायला लागतात. मी ते करत नाही. बाही पंधरा इंचांची, कोपराच्या खाली घेते, म्हणजे काठ चौथाईच्याही आत बसतो. आणि वर्णनात न विसरता लिहिते, ‘बाहीवरचा काठ घोळावरच्या काठाएवढाच रुंद, त्रिकोणही तेवढेच मोठे’. या एका वाक्याने बरेच गैरसमज टळले आहेत.

चित्रातली आणखी एक गोष्ट शिवणारीच्या डोळ्यालाच खटकते. ॲप काठ गोल छत्री घेरावर अगदी गुळगुळीत वळवून दाखवतं. विणलेला सरळ काठ असा वळत नाही. वळवायला गेलं तर आतल्या बाजूला चुण्या पडतात, त्रिकोण एकमेकांवर चढतात. काठ अखंड ठेवायचा तर साडी आडवी धरून, कमरेला चुण्या घालूनच घेर करावा लागतो. म्हणून मी लिहिते, ‘घेर चुण्यांचा, घोळ सरळ, काठ चुण्यांबरोबर आत-बाहेर जाणारा, चुणीच्या आत गेलेले त्रिकोण न दिसणारे’. यावर जे चित्र येतं ते पहिल्याइतकं दिमाखदार नसतं. पण तसाच कपडा मी शिवून देऊ शकते, आणि गिऱ्हाईकाला मी तेवढंच दाखवायला हवं.

ठशाच्या छपाईत गोंधळ वेगळाच होतो. बगरूचं एक सुती कापड होतं, पाच इंचांचं फूल एकाखाली एक. त्यातून आईला कुर्ता आणि तीन वर्षांच्या मुलीला फ्रॉक. ॲपने दोघींच्या अंगावर फुलांच्या नऊ-नऊ ओळी काढल्या, मुलीच्या फ्रॉकवर फुलं अर्ध्यापेक्षा लहान केली. माणूस लहान झालं की नक्षीही लहान होते, असं ते धरून चालतं. लाकडी ठसा तर तोच असतो. 45 इंचांच्या कुर्त्यावर नऊ ओळी बरोबर, पण 20 इंचांच्या फ्रॉकवर चारच बसणार. मुलीच्या छातीवर एकच फूल येतं, तिच्या चेहऱ्याएवढं. मी लिहिलं, ‘फ्रॉकवर वरपासून खालपर्यंत फुलांच्या चारच ओळी, प्रत्येक फूल मुलीच्या चेहऱ्याएवढं’. चित्र पाहून आई म्हणाली, “ताई, हे अंगावर येतंय हो.” आम्ही फ्रॉकला त्याच कापडाची फक्त बारीक काठाची पट्टी लावली आणि बाकी साधं कापड घेतलं. कात्री लावण्याआधी हे कळलं, याचं श्रेय मी ॲपला देते.

ठशाचा हातचा गुण मात्र चित्रात येत नाही. रेखेचा ठसा आणि रंग भरणारा दत्त्याचा ठसा केसभर इकडे-तिकडे होतो, दोन ठशांच्या जोडावर रंग थोडा गडद पडतो. हे लिहिलं तर ॲप कापड मळल्यासारखं करतं, नाही लिहिलं तर गिरणीतल्या छपाईसारखं सपाट येतं. मी आता ते लिहीत नाही, कापडच हातात देते.

इकतमध्ये मी हार मानली आहे. इकतचं सूत विणण्याआधी बांधून रंगवतात आणि विणताना ते थोडं सरकतं, म्हणून नक्षीची कड पिसासारखी फुटते. ती कुठल्या बाजूला फुटते ते रंगवलेल्या सुतावर ठरतं: उभा ताणा रंगवलेला असेल तर ताण्याच्या दिशेने, आडवा बाणा असेल तर बाण्याच्या. पाटणच्या पटोल्यात दोन्ही रंगवलेले असतात. पोचमपल्लीच्या एका कापडासाठी मी लिहिलं, ‘शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी, कड फक्त वर-खाली फुटलेली, डावी-उजवी कड साफ’. सहा वेळा करून पाहिलं. कधी सगळी कड चाकूने कापल्यासारखी आली, कधी सगळा कपडाच धूसर. शंकरपाळ्यांची संख्या बरोबर आली, पण ते इकत वाटेना.

त्याहून मोठी अडचण कापडाच्या हिशोबाची. चित्रात पुढच्या जोडावर, बगलेच्या शिवणीवर, सगळीकडे शंकरपाळ्यांची टोकं जुळलेली असतात. ते जुळवायला कापड वर-खाली सरकवून बेतावं लागतं. नक्षी बारा इंचांनी पुन्हा येत असेल तर एकेका तुकड्यामागे जवळजवळ तेवढं कापड वाया जाऊ शकतं. गिऱ्हाईक अडीच मीटर घेऊन येतं आणि चित्रातला कुर्ता साडेतीन मीटरचा असतो. आता इकत आलं की मी कापड पुतळ्यावर टाचण्यांनी लावून फोटो काढते आणि तोच पाठवते. पुढच्या जोडावर टोकं जुळणार, बगलेत नाही, हे तिथेच बोट ठेवून सांगते.

मागच्या आठवड्यात त्या जांभळ्या पैठणीवाल्या बाई सुनेची साडी घेऊन पुन्हा आल्या. चित्र दाखवलं, तशी त्यांनी पर्समधून स्वतःची टेप काढली, साडीचा काठ मोजला आणि फोनवर आपली चार बोटं टेकवून पाहिली.