कोल्ड मिक्सच्या पिशव्या: सात महिन्यांनंतर, आणि लेबलवरच्या त्या एका ओळीबद्दल

काल संध्याकाळी शेजारच्या सोसायटीचे खजिनदार स्कूटरवर कोल्ड मिक्सच्या, म्हणजे खड्डे बुजवायच्या तयार डांबर-खडीच्या, दोन पिशव्या घालून आले. खड्डा केवढा आहे विचारलं, तर म्हणाले, "असेल की पंधरा-सोळा स्क्वेअर फूट. पिशवीवर लिहिलंय ना, एका पिशवीत दहा." माझ्या पोटात गोळा आला. गेल्या जुलैत हेच वाक्य मी आमच्या मीटिंगमध्ये बोललो होतो.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. आतला रस्ता सोसायटीचा असल्यामुळे खड्डाही आमचाच. फाटकातून आत आल्यावर टँकर जिथे वळतो, बरोबर तिथे तो पडला होता. आदल्या वर्षी तिथे सिमेंट-खडी टाकून पाहिली होती, पण फाटक आठवडाभर बंद ठेवायला कोणी तयार झालं नाही आणि ओल्या सिमेंटवरून दुसऱ्याच दिवशी टँकर गेला. म्हणून कोल्ड मिक्स. तापवायचं नाही, पिशवी फोडायची, ओतायची, धुमस मारून ठोकून बसवायचं आणि लगेच गाडी न्यायची. 25 किलोची पिशवी मला 450 रुपयांना पडली.

आता लेबल. समोर मोठ्या अक्षरांत '10 चौरस फूट'. शिलाईजवळ पिशवी दुमडते, त्या घडीत मुंगीएवढ्या अक्षरांत '12 मिमी जाडीला'. अर्धा इंच! अर्ध्या इंचाच्या खड्ड्यासाठी कोण पिशवी विकत आणतो? जाडीशिवाय नुसतं क्षेत्रफळ सांगणं म्हणजे ताटाचा घेर सांगून भात विकण्यासारखं आहे. ही ओळ मी सात महिन्यांत इतक्यांदा इतक्या जणांना दाखवली आहे, की बायको आता पिशवी दिसली की आत जाते.

तर पहिला प्रयत्न. खड्डा टेपने मोजला: 4 फूट लांब, अडीच फूट रुंद, म्हणजे 10 चौरस फूट. लेबलप्रमाणे एक पिशवी, म्हटलं एक जास्तीची असू दे. दुकानदाराने खोली विचारली. मी सांगितलं, दोन इंच. तो म्हणाला, "मग चार लागतील, साहेब." मला वाटलं, माल खपवतोय. दोन आणल्या, कमी पडल्या, बिगारी बसून राहिला आणि मी परत जाऊन तिसरी आणली. तिसऱ्या पिशवीत खड्डा काठोकाठ भरला. फावड्याने सपाट केलं, वरून धुमस फिरवल्यासारखं केलं आणि घरी जाऊन चहा पिताना सांगितलं की चौथ्या पिशवीचे 450 रुपये वाचवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. दहा हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, शिवाय गाडी वेगळी. दुपारी पाहिलं तर पॅच काठापासून अर्धा इंच खाली बसला होता. रात्री पावसाचं पाणी त्यात साठलं. तीन आठवड्यांत कडेची खडी सुटून रस्ताभर पसरली आणि एक मुलगा सायकलवरून घसरला.

मी तणतणत दुकानात गेलो. माल खराब आहे, पैसे परत द्या, ग्राहक मंच वगैरे सगळं बोलून झालं. काउंटरवर दुकानदाराचे वडील बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "तीन पिशव्या म्हणजे पंचाहत्तर किलो. दहा फुटाला दोन इंच भरायचं तर शंभर किलो लागतं. उरलेले पंचवीस किलो टँकरने आणायचे का?"

मग त्यांनी बिलाच्या मागे हिशेब लिहून दिला. एक चौरस फूट जागा, एक इंच जाडी, धुमस मारून घट्ट बसलेला माल म्हणजे साधारण 5 किलो. मी घरी येऊन मीटरमध्ये पडताळलं. दाबलेल्या मालाची घनता लिटरला सव्वादोन किलोच्या आत-बाहेर असते, 2.1 धरली तर एक चौरस मीटरला एक सेंटीमीटर जाडीसाठी 21 किलो लागतात आणि फूट-इंचात तेच 5 किलो येतात. म्हणजे 25 किलोची पिशवी एक इंच जाडीने 5 चौरस फूट भरते, दोन इंचाने अडीच. लेबलवरचे 10 चौरस फूटही अर्ध्या इंचाला बरोबरच आहेत. कंपनी खोटं बोलत नव्हती, हेच जास्त चिडवणारं आहे.

माझी फसगत झाली ती सैल मालात. पिशवीतून ओतलेला माल फुगलेला असतो, मध्ये हवा असते. माझे 75 किलो ओतल्यावर जवळजवळ दोन इंच दिसले, म्हणून खड्डा भरल्यासारखा वाटला. दाबल्यावर तेच दीड इंच झाले. दाबायचं काम मी केलं नाही, ते टँकरने केलं. म्हणून आता नियम असा पाळतो: वजन 5 किलोच्या हिशेबाने काढलं तर दाबणं त्यात आलेलंच असतं, वर आणखी टक्के चढवू नयेत. पण ओतताना काठापेक्षा वर ढीग दिसलाच पाहिजे. एक इंच जाडी हवी असेल तर सैल माल सव्वा इंच. दाबून झाल्यावर काठापेक्षा जरासा उंचच राहू द्यावा, बाकीचं गाड्या बसवतात.

ऑगस्टच्या सुरुवातीला चार दिवस उघडीप मिळाली, तेव्हा दुसरा प्रयत्न केला. या वेळी आधी मोजलं नाही, आधी उकरलं. पहिल्या वेळची दुसरी चूक इथे सापडली: मी 'दोन इंच' मोजले होते ते गाळाच्या थरावरून. पहार टोचत गेलो तसा आधी मऊ लागलं, मग खाली खडीला लागून 'खण्' आवाज आला. गाळ आणि जुना सैल माल काढून खराट्याने झाडलं. भुसभुशीत कडा छिन्नीने कापून चौकोन केला, कारण पातळ होत गेलेल्या कडेला माल धरत नाही, तिथूनच खडी सुटायला लागते. कडा उभ्या हव्यात.

मग टेप. चौकोन साडेचार फूट बाय तीन, म्हणजे 13.5 चौरस फूट. खोलीसाठी खड्ड्यावर सरळ फळी आडवी ठेवली आणि तिच्या खालच्या कडेपासून पाच ठिकाणी मोजलं: दीड, अडीच, साडेतीन, तीन, दोन. सरासरी अडीच इंच. 13.5 गुणिले अडीच गुणिले 5, म्हणजे 169 किलो. सात पिशव्या. तीन पिशव्यांवर अभिमानाने चहा प्यायलेल्या माणसाला हा आकडा गिळायला वेळ लागला. सगळ्यात खोल जागेचे साडेतीन इंच धरले असते तर 236 किलो, म्हणजे दहा पिशव्या झाल्या असत्या. त्यामुळे पाच ठिकाणी मोजण्याचा कंटाळा करू नका, तीन पिशव्यांचे 1350 रुपये तिथेच आहेत.

दुकानदाराच्या वडिलांनी पाण्याच्या बाटलीत थोडं डांबराचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर, फुकट दिलं. ते ब्रशने तळाला आणि कडांना लावलं आणि चॉकलेटी रंग काळा पडेपर्यंत थांबलो. माल दोन थरांत भरला, प्रत्येक थर कडेकडून मधे धुमस मारत. एकदम अडीच इंच ओतला तर वरचा भाग घट्ट होतो आणि खालचा सैलच राहतो. धुमस कधी थांबवायचा, तर टाच जोरात दाबल्यावर खूण उमटत नाही तेव्हा. शेवटी वरून खडीची कच भुरभुरली, नाहीतर चपला आणि टायर चिकटतात. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या पायपुसण्यावर पहिल्या प्रयत्नाचे काळे ठसे अजून आहेत.

सात महिने झाले. पॅच काठाशी समतल आहे. पहिले काही आठवडे तो जरा मऊच होता. पातळ करण्यासाठी डांबरात मिसळलेलं द्रावक उडून जाईपर्यंत असंच असतं, रॉकेलसारखा वास येतो. त्या काळात टँकरवाल्याला जागेवर उभं राहून स्टीअरिंग फिरवू नको म्हणून बजावलं होतं. सरळ जाणारं चाक माल दाबतं, उभ्या गाडीचं वळणारं चाक तो खरवडतं. एकदा त्याने तसं केलंच, अर्धचंद्रासारखा ओरखडा उठला. थोडा माल टाकून पुन्हा धुमस मारला.

एक तक्रार मात्र खरीच मालाशी संबंधित आहे. सातव्या पिशवीत पाच-सहा किलो उरला. सुतळीने बांधून जिन्याखाली ठेवला होता. जानेवारीत उघडला तर वरचा भाग डिंकाच्या लाडवासारखा कडक. आतल्या प्लास्टिकला नीट बंद होणारं तोंड दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आता मी हवा काढून, पीळ देऊन, टेप लावून ठेवतो.

हिशेब बरोबर असला की पुरे, हे मत थोडं बदलावं लागलं ते चेंबरजवळच्या खड्ड्यामुळे. तो दोन बाय दोनचा, पण 5 इंच खोल. पूर्ण कोल्ड मिक्सने भरायचा तर 100 किलो, चार पिशव्या. काटकसर म्हणून खालचे 3 इंच जाड खडी आणि कच धुमसून भरले, वरच्या 2 इंचांना 40 किलो, म्हणजे दोन पिशव्या लागल्या. युक्ती चांगली होती. तरी दिवाळीपर्यंत मधे बशी झाली. उकरलं तर खालची कच ओली: चेंबरच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं. खालून पाणी येत असेल तर लेबल, हिशेब, धुमस, काहीच कामाचं नाही. आधी प्लंबर.

विकत घेताना पिशवीवर इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी:116-2014 लिहिलंय का ते मी आता बघतो. कटबॅक, म्हणजे द्रावकाने पातळ केलेल्या, डांबराच्या अशा तयार मिश्रणासाठीचं ते मानक आहे. आणि पॅकिंगची तारीख. पिशवी बाहेरून दाबून पाहतो: आतला माल मोकळा हलला पाहिजे, दगडासारखा लागला तर परत.

काल खजिनदारांना घेऊन त्यांच्या खड्ड्यापाशी गेलो. ते म्हणाले, इंचभरच आहे. पहार आणली. पहिल्या टोचणीत मऊ, दुसऱ्या टोचणीत मऊ, तिसऱ्याला 'खण्'. पहार बाहेर काढून गाळाच्या खुणेला टेप लावली, तीन इंच. त्यांनी मोबाइल काढून सोळा गुणिले तीन गुणिले पाच केलं आणि स्कूटरवरच्या दोन पिशव्यांकडे बघत राहिले.