नोकरी करत दुसरी शोधताय? ‘गोपनीय प्रोफाइल’च्या नावाने पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा

हातात नोकरी असताना दुसरी शोधणाऱ्या माणसाला लुटायची एक खास पद्धत आहे. तो माणूस चौकशीसाठी कुणाकडेही जाणार नाही, या एका भरवशावर ती चालते. माझे यात साडेपंचवीस हजार रुपये गेले आणि वर कंपनीत बोभाटा झाला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बरीच मुलं उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या कारखान्यांत काम करत पुणे-कोल्हापूरकडे नजर ठेवून असतात, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडे नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. कुणी बाहेर बघतोय असं कळलं की वाढ रोखतात आणि नवीन काम दुसऱ्याकडे देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे टाकताना आधी ‘ब्लॉक कंपनी’मध्ये आमच्या कंपनीचं नाव घातलं. लिंक्डइनवर `Open to work` सुरू केलं, पण ते सगळ्यांना न दाखवता `Recruiters only` ठेवलं.

चार-सहा दिवसांतच ऐन शिफ्टमध्ये फोन आला. बोलणारा अस्सल पुणेरी मराठीत बोलत होता. आपण कन्सल्टंट आहोत आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीसाठी माणसं घेतोय, असं त्याने सांगितलं. माझा पगार, अनुभव, सीएमएम मशीनवरचं काम, सगळं त्याला पाठ होतं. मग त्याने मुद्द्याला हात घातला. “सर, तुमच्या कंपनीचे एचआर हाच डेटाबेस वापरतात. तुमचं प्रोफाइल त्यांना दिसतंय. आज गोपनीय करून घ्या, नाहीतर उद्या तुम्हालाच त्रास.” त्यासाठी साडेतीन हजार रुपये, आणि जॉइन झाल्यावर ते परत मिळणार. पुरावा म्हणून त्याने माझ्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवला.

त्याच्या बोलण्यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते पटण्यासारखं होतं. पोर्टलवरचे रेझ्युमे शोधायची सोय कंपन्या विकत घेतात, तशीच कन्सल्टंटही घेतात. तुम्ही आपली कंपनी ब्लॉक केली की तिच्या खात्यातून तुम्ही दिसत नाही. पण तीच कंपनी एखाद्या कन्सल्टंटकडून माणसं शोधत असेल, तर त्याच्या खात्यातून दिसता. तो तुमचा रेझ्युमे अजाणता तुमच्याच एचआरला पाठवू शकतो. बेळगावात याला आणखी एक फाटा आहे. इथे एकाच घराण्याच्या फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिकच्या वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या असतात आणि एचआर मात्र सगळ्यांचा एकच. तुम्ही पे-स्लिपवरचं नाव ब्लॉक करता आणि एचआरचं खातं असतं दुसऱ्याच नावाने. लिंक्डइनचंही तसंच. तुमच्या कंपनीच्या आणि संलग्न कंपन्यांच्या रिक्रूटर्सना `Open to work` दिसू नये म्हणून ते काळजी घेतात, पण पूर्ण गोपनीयतेची हमी देत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

मात्र ही फट पैसे घेऊन बुजवून देणारा कुणीही नसतो. तुमचं प्रोफाइल कुणाला दिसावं हे तुमच्याच खात्यातून, तुमच्याच लॉगिनने ठरतं. बाहेरच्या माणसाला त्यात हात घालताच येत नाही. हे एक वाक्य मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण विचारायचं कुणाला? शेजारच्या टेबलावरच्या मित्राला विचारावं तर त्याचा मावसभाऊ आमच्याच अकाउंट्समध्ये. आमच्या गावात सगळं असंच एकमेकांत गुंतलेलं असतं आणि या लोकांना तेच हवं असतं.

साडेतीन हजार गेल्यावर व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. ती मात्र खरी वाटावी अशीच होती. कंट्रोल प्लॅन, कास्टिंगमधली पोरॉसिटी, गेज कॅलिब्रेशन, सगळे प्रश्न कामाचे. दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर ऑफर लेटर आलं. मग बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी बावीस हजार भरा, पहिल्या पगारात परत देऊ, असा निरोप आला. सोबत तीन महिन्यांच्या पे-स्लिपा, आधार, पॅन आणि राजीनाम्याची प्रत मागितली. पैसे आणि पे-स्लिपा मी पाठवल्या. राजीनामा दिलेला नव्हता, आणि तो न दिल्यामुळेच आज माझी नोकरी शाबूत आहे.

बावीस हजार गेले त्याच रात्री मी ऑफर लेटर आमच्या दाजींना दाखवलं. ते पुण्यात एका कंपनीच्या पर्सोनेल खात्यात आहेत. त्यांनी दोन मिनिटांत तीन गोष्टींवर बोट ठेवलं. मेल आला होता त्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘एचआर’ जोडलेलं होतं. कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता वेगळाच होता. लेटरहेडवर कंपनीचा सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर नव्हता. आणि यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर नाव आलं होतं ते एका व्यक्तीचं. व्हेरिफिकेशनबद्दल ते म्हणाले, “अरे, त्याचा खर्च कंपनी करते, उमेदवार नाही. आणि सध्याच्या कंपनीकडे चौकशी आम्ही तुझी परवानगी घेऊन, बहुतेक वेळा तू सुटल्यावरच करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे परत मागितले. तेव्हा त्या माणसाचा आवाजच बदलला. आणखी चाळीस हजार दे, नाहीतर तुझा रेझ्युमे, ऑफर लेटर आणि मुलाखतीचं रेकॉर्डिंग तुझ्या एचआरला पाठवतो, असं तो म्हणाला. आमच्या एचआर मॅडमचं नाव आणि मेल त्याच्याकडे होतं. ही नुसती फसवणूक राहिली नाही, धमकावून पैसे उकळणं झालं. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे आणि खंडणीला 308.

तो फोन ठेवल्या ठेवल्या 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. यात वेळ फार मोलाचा असतो. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर बँक ते रोखून धरते. बावीस हजारांपैकी काही भाग असा अडकला. साडेतीन हजार आधीच पुढे गेले होते. ट्रॅन्झॅक्शन आयडी, त्याचा यूपीआय आयडी आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ तयार ठेवा, लगेच विचारतात.

पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच, की आरोपी पुण्याचा म्हणताय तर इथे कशाला? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. हे शांतपणे सांगितलं आणि तक्रार घेतली गेली. आपल्याकडे ती कन्नडमध्ये लिहिली जाते. सही करण्याआधी वाचून दाखवण्याचा हक्क त्याच कलमात आहे. माझ्या तक्रारीत धमकीचा भाग राहून गेला होता; तिथल्या हवालदारांनी मराठीत समजावून सांगताना तो लक्षात आला आणि मग घातला. प्रतही फुकट मिळते, घेऊनच या.

आता उरली धमकी. दाजींच्या सल्ल्याने मी त्याच दिवशी प्लांट हेड साहेबांना भेटलो आणि एवढंच सांगितलं की माझी कागदपत्रं एका भामट्याच्या हाती लागली आहेत, तो पैसे मागतोय, पोलिसांत तक्रार दिली आहे, माझ्या नावाने काही मेल आला तर हा तक्रार क्रमांक. त्यांना काय समजायचं ते समजलं असणार. मेल खरंच आला. एचआर मॅडमनी मला बोलावून तो दाखवला आणि पोलिसांना द्यायला म्हणून माझ्याकडे फॉरवर्ड केला. साहेबांकडे मी आधी गेलो नसतो तर तोच मेल माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला असता. तरी तो अकाउंट्सच्या समाईक मेलवरही गेला होता. संध्याकाळपर्यंत तिसऱ्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर माझ्या नावाची चर्चा होती. वाढ थांबली नाही, पण पुण्याच्या एका ट्रेनिंगला माझ्याऐवजी दुसऱ्याला पाठवलं. ते मला अजून लागतं.

शोध मी थांबवलेला नाही, करण्याची रीत तेवढी बदलली आहे. रेझ्युमेच्या फाइलमध्ये कंपनीचं नाव नसतं, ‘बेळगावातील हायड्रॉलिक पार्ट्सची कंपनी’ एवढंच असतं. नाव मुलाखतीत सांगतो. ब्लॉक यादीत मालकांच्या घरच्या सगळ्या कंपन्यांची नावं आहेत, ती मी जुन्या डिलिव्हरी चलनांवरून आणि एचआरच्या मेल पत्त्यांवरून काढली. जो कन्सल्टंट फोन करेल त्याला आधीच लिहून कळवतो की माझ्या होकाराशिवाय रेझ्युमे कुठल्याही कंपनीला पाठवू नका, आणि कंपनीचं नाव सांगायला तयार नसेल तर पुढे बोलत नाही. पे-स्लिप ऑफर हातात आल्याशिवाय देत नाही; द्यावी लागली तर बँक खातं, पॅन आणि पीएफचा यूएएन नंबर झाकून. यूएएनचा ओटीपी कुणालाच नाही.

प्रोफाइलमध्ये बदल करायचे ते थोडे थोडे करतो, तेही घरच्या नेटवरून. लिंक्डइनवर काही बदल केल्यावर ओळखीच्यांना सूचना जाऊ शकते, ती सेटिंगमधून आधी बंद करून ठेवतो. एकाच आठवड्यात फोटो, हेडलाइन आणि स्किल्स बदलले, वर पुण्याच्या दहा एचआरना जोडून घेतलं, की कुणाला सांगायची गरजच उरत नाही. फोनवरचं बोलणं संध्याकाळी सहानंतर. मुलाखत प्रत्यक्ष असेल तर कागल, गोकुळ शिरगावची शनिवारी मागून घेतो, कारण कोल्हापूर एका दिवसात होऊन येतं. पुण्यासाठी रात्रीची गाडी आणि एक रजा लागते. ती सणाला किंवा लग्नकार्याला जोडून घेतली तर डोळ्यांवर येत नाही.

अडकलेली रक्कम सोडवून घ्यायला मी कोर्टात अर्ज दिलाय. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण याच शब्दांत फोन आल्याचं मच्छेतल्या एका मुलाने परवाच सांगितलं. ‘गोपनीय प्रोफाइल’, साडेतीन हजार, जॉइन झाल्यावर परत. तुम्हालाही आला तर पैसे न देता नंबर आणि यूपीआय आयडी cybercrime.gov.in वर कळवा.