दिवस मोजावेत की प्रोजेस्टेरॉन बघावं?

सांगलीत विश्रामबागेत नीटची तयारी करणारी मुलं मासिक पाळीचे दिवस आणि टप्पे यांच्या जोड्या जुळवताना दोन वाटा धरतात: दिवस मोजायचे, नाहीतर हॉर्मोन बघायचं. २८ दिवसांच्या चक्रात दोन्हींनी उत्तर येतं, दिवसांनी तर पटकन. पण चक्र ३५ दिवसांचं आणि विचारलाय १८वा दिवस, तर "चौदाव्यानंतर सिक्रेटरी टप्पा" हे पाठांतर हमखास फसवतं. अंडमोचनानंतरचा ल्युटिअल टप्पा साधारण १४ दिवसांचाच राहतो. लांबतो तो त्याआधीचा फॉलिक्युलर. म्हणजे अंडमोचन २१व्या दिवसाच्या आसपास. १८व्या दिवशी इस्ट्रोजेन चढतंय, प्रोजेस्टेरॉन अजून तळाला, म्हणून गर्भाशयाचं अस्तर प्रोलिफरेटिव्हच. मी हॉर्मोनचीच वाट सांगते. मात्र इस्ट्रोजेन ल्युटिअलमध्येही दुसऱ्यांदा वाढतं, तेव्हा एकट्या इस्ट्रोजेनवर टप्पा ठरवू नका. प्रोजेस्टेरॉन चढलंय का, ते आधी बघा.