तोंडाच्या कॅन्सरचा सर्जरीनंतरचा रिपोर्ट: गोषवारा परिच्छेदात लिहावा की रकान्यांत?

नागपुरात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट अनेकदा ऑपरेशन एका ठिकाणी करून घेतात आणि शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला दुसरीकडे जातात. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेल्या माणसाच्या पिशवीत जाडजूड फाईल असते आणि तिच्यात पाच-सहा पानांचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट. ट्यूमर बोर्डात एका केससाठी मिळतात जेमतेम काही मिनिटं. तेव्हा कोणीतरी रेसिडेंट किंवा कोऑर्डिनेटर त्या रिपोर्टचा गोषवारा काढतो, आणि पुढची चर्चा त्या गोषवाऱ्यावरच होते. मूळ पानं पुन्हा उघडली जातीलच असं नाही.

हा गोषवारा लिहिण्याच्या दोन पद्धती आमच्याकडे चालतात. एक, चार-पाच ओळींचा परिच्छेद. दुसरी, ठरावीक रकान्यांचा छोटा तक्ता. मी रेडिएशनच्या बाजूला काम करतो. दोन्ही पद्धतींनी लिहिलं आहे आणि दोन्हींवरून प्लॅनही केले आहेत. तुम्ही नव्याने ही जबाबदारी घेत असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा.

परिच्छेदाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. फोनवर सर्जनला केस सांगायची असेल तर परिच्छेद सरळ वाचता येतो. पेशंटला आधी किमो देऊन मग ऑपरेशन झालं असेल, किंवा जुन्या शेकाच्या जागी पुन्हा गाठ आली असेल, तर आधी काय झालं आणि मग काय झालं हे वाक्यांतच नीट उतरतं. शिवाय लिहायला वेळ कमी लागतो. ओपीडीत रांग लागलेली असताना ही गोष्ट छोटी नसते.

तरीही मी रकान्यांकडे वळलो, आणि ते एका वाक्यामुळे: ‘ऑल मार्जिन्स फ्री ऑफ ट्यूमर’.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर हे वाक्य असतं आणि परिच्छेद लिहिणारा ते जसंच्या तसं उचलतो. त्यात चूक काहीच नसते. कापलेल्या कडेवर ट्यूमर नाही एवढंच पॅथॉलॉजिस्ट सांगतो आहे. पण मला हवं असतं ते अंतर. ५ मिमी किंवा जास्त असेल तर मार्जिन मोकळं, त्याहून कमी असेल तर क्लोज, आणि कडेवरच पेशी असतील तर पॉझिटिव्ह, असा साधारण हिशोब आम्ही धरतो. काही ठिकाणी १ मिमीच्या आतलं मार्जिनही पॉझिटिव्हसारखंच धरतात. आता १२ मिमी आणि २ मिमी, दोन्ही ‘फ्री’च. पहिल्यात मार्जिनची काळजी संपते, दुसऱ्यात शेक द्यायचा की नाही आणि दिला तर जास्तीचा डोस नेमका कुठे, याचा विचार सुरू होतो. परिच्छेदात हे दोन पेशंट सारखेच दिसतात.

एक नमुना केस घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी जुळवलेले आहेत, पण या भागात खर्रा खाणाऱ्यांत असा आजार रोजचा आहे. डाव्या गालाच्या आतल्या अस्तराचा ट्यूमर, खालच्या हिरडीच्या खाचेपर्यंत आलेला. सर्जनने खालच्या जबड्याची वरची कड ट्यूमरसोबत काढली आणि मानेतल्या गाठीही काढल्या. परिच्छेदातला गोषवारा असा येतो: ‘मध्यम प्रतीचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, ३.२ सेंमी, थिकनेस १३ मिमी, पीएनआय आहे, सर्व मार्जिन्स फ्री, ३४ पैकी १ नोड पॉझिटिव्ह.’ पीएनआय म्हणजे कॅन्सर नसांभोवती शिरलेला असणं. वाचायला नीटनेटका आहे. आता हाच रिपोर्ट रकान्यांत भरायला घेऊ.

पहिला रकाना आकाराचा, दुसरा डेप्थ ऑफ इन्व्हेजनचा. इथेच हात थांबतो, कारण परिच्छेदात आहे ती थिकनेस. थिकनेस ट्यूमरच्या पृष्ठभागापासून मोजतात. डेप्थ मोजताना शेजारच्या निरोगी अस्तराच्या बेसमेंट मेम्ब्रेनची पातळी धरून तिथून सरळ खाली, ट्यूमरच्या सर्वात खोल टोकापर्यंत जातात. फुलकोबीसारख्या वर वाढलेल्या ट्यूमरमध्ये थिकनेस मोठी आणि डेप्थ लहान असते. मायक्रोस्कोपीच्या परिच्छेदात शोधलं की सापडतं: डेप्थ ९ मिमी. एजेसीसीच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे २ ते ४ सेंमीचा ट्यूमर १० मिमीपर्यंतच्या डेप्थला pT2 राहतो, १० मिमी ओलांडली की pT3 होतो. म्हणजे १३ चा आकडा डेप्थ समजून चालला असता तर स्टेज उगाच एक पायरी वर गेली असती.

नोडच्या रकान्यात मी चार गोष्टी मागतो: किती तपासले, किती पॉझिटिव्ह, सर्वात मोठा केवढा, आणि ईएनई, म्हणजे कॅन्सर नोडचं आवरण फोडून बाहेर पडला आहे का. इथे डाव्याच बाजूचा एक नोड, १.४ सेंमी, ईएनई दिसला नाही. म्हणून pN1. ‘ईएनई नाही’ हे शब्द लिहिलेले दिसलेच पाहिजेत, कारण तो असता तर हाच एकटा छोटा नोड pN2a झाला असता आणि शेकासोबत सिस्प्लॅटिनचा प्रश्न आला असता.

आता मार्जिन. इथे एक रकाना पुरत नाही, प्रत्येक कडेला स्वतंत्र ओळ लागते. पुढची ८ मिमी, वरची ११, खालची ७. मागची ३ मिमी, आणि सर्जनने त्या बाजूचा जास्तीचा तुकडा वेगळ्या डबीत पाठवलेला, त्यात ट्यूमर नाही. खोल बाजूची, म्हणजे गालाच्या स्नायूकडची, २ मिमी. ‘सर्व मार्जिन्स फ्री’ या तीन शब्दांत हे सगळं गाडलं गेलं होतं.

खोल मार्जिनबद्दल एक बारकावा. त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानावर, ग्रॉसच्या वर्णनात, खोल मार्जिन ५ मिमी लिहिलेलं आहे. तो आकडा नमुना कापताना पट्टीने मोजलेला. मायक्रोस्कोपखाली डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पुढे गेलेली आढळली आणि अंतर २ मिमीवर आलं. रिपोर्ट वरून खाली वाचणारा पहिला आकडा उचलतो आणि थांबतो. म्हणून मी उलटं वाचतो: आधी शेवटचं निदान, मग मायक्रोस्कोपी, मग ब्लॉकची यादी, आणि ग्रॉस सर्वात शेवटी. तक्त्यात मार्जिनचा आकडा मायक्रोस्कोपीचाच जातो.

ब्लॉकची यादी का, तर मार्जिन कसं कापलं ते तिथे कळतं. ट्यूमर आणि कड एकाच छेदात येतील असं काटकोनात कापलं असेल तर मिमी मोजता येतात. कडेची पातळ चकती सोलून घेतली असेल, ज्याला शेव्ह म्हणतात, तर ट्यूमर आहे किंवा नाही एवढंच कळतं. अशा ओळीत मी ‘शेव्ह, ट्यूमर नाही, अंतर मोजता येत नाही’ असं लिहितो. आकडा नाही म्हणजे लॅबने हलगर्जी केली, असं दरवेळी नसतं.

मागच्या कडेचा वेगळा तुकडा ही दुसरी अडचण. तो ६ मिमी जाडीचा असेल तर ३ आणि ६ मिळून ९ धरायचे का? मी धरत नाही. तुकडा नेमका त्याच अरुंद जागेवरून घेतला होता, आणि त्याची बाहेरची बाजू कोणती, हे टाका किंवा शाई लावून दाखवलं नसेल तर बेरजेला अर्थ राहत नाही. तक्त्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो: मुख्य नमुन्यात ३ मिमी, वेगळा तुकडा निगेटिव्ह. निर्णय बोर्डाने घ्यावा.

राहिली हाडाची कड. हाड डिकॅल्सिफाय व्हायला वेळ लागतो, म्हणून मुख्य रिपोर्ट आधी येतो आणि हाडाचा पुरवणी रिपोर्ट नंतर. परिच्छेदात हाडाचा उल्लेखच नव्हता आणि वाचणाऱ्याला तो ‘सर्व मार्जिन्स’मध्ये आलाच असं वाटतं. तक्त्यात तो चौकोन रिकामा राहतो आणि तिथे ‘पुरवणी रिपोर्ट बाकी’ असं लिहावंच लागतं. हे बाकी असेपर्यंत pT2 सुद्धा तात्पुरतं आहे. हाडाच्या पृष्ठभागाची नुसती झीज असेल तर फरक पडत नाही, पण ट्यूमर कॉर्टेक्स ओलांडून आत शिरला असेल तर pT4a होतो. शेक शक्यतो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो, तेव्हा हा कागद कोणाकडे अडकला आहे ते पहिल्या दिवशीच दिसलेलं बरं. या केसमध्ये पुरवणीत फक्त झीज आली, कड निगेटिव्ह. शेवटचा गोषवारा असा, त्यात एलव्हीआय म्हणजे रक्ताच्या किंवा लसीकेच्या वाहिन्यांत कॅन्सर शिरणं:

डावा गाल, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मध्यम प्रत
आकार ३.२ सेंमी, डेप्थ ९ मिमी, हाड: फक्त झीज — pT2
नोड १/३४, १.४ सेंमी, ईएनई नाही — pN1
सर्वात जवळचं मार्जिन: खोल, २ मिमी (क्लोज)
मागचं: मुख्य नमुन्यात ३ मिमी, वेगळा तुकडा निगेटिव्ह
पुढचं ८, वरचं ११, खालचं ७ मिमी. हाडाची कड निगेटिव्ह
पीएनआय आहे, एलव्हीआय नाही

परिच्छेदापेक्षा हे फार लांब नाही. आणि मला प्लॅनसाठी जे हवं ते वर आलं आहे: क्लोज मार्जिन, ते कोणत्या बाजूला, आणि त्यासोबत नोड आणि पीएनआय. ही केस शेकाकडे जाते. किमोची दोन ठळक कारणं, पॉझिटिव्ह मार्जिन आणि ईएनई, इथे नाहीत, हेही एका नजरेत कळतं.

रकान्यांचा जाच मी नाकारत नाही. रिपोर्टमधले आकडे आणि छापलेली स्टेज जुळत नसतील तर तक्ता ते उघडं पाडतो आणि काम वाढतं. अशा वेळी स्टेज आपल्या हाताने बदलू नका. रिपोर्टमधली स्टेज तशीच लिहा, शेजारी शंका नोंदवा आणि पॅथॉलॉजिस्टला फोन करा. लॅबने स्वतःच चेकलिस्टच्या रूपात रिपोर्ट दिला असेल तर अर्धं काम झालेलं असतं, तरी वेगळ्या डबीतले तुकडे आणि पुरवणी त्यात मिळवायचे राहतातच.

किमोनंतरच्या किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेल्या केसमध्ये मी अजूनही तक्त्याच्या डोक्यावर दोन ओळी वाक्यांत लिहितो. कोणाला पूर्ण परिच्छेदच सोयीचा वाटत असेल तर माझी हरकत नाही, फक्त सर्वात जवळच्या मार्जिनचं नाव आणि मिमी त्यात असू द्या, आणि बाकी असलेला रिपोर्ट ‘बाकी’ म्हणून लिहा.